विंडोजमध्येच तिरकी रेघ उलटी का?

रविवारचा_पेपर

नमस्कार मंडळी. मी पेशाने हिशेबनीस, संगणकाशी संबंध टॅली आणि एक्सेलपुरता. मुलगी एसवायला आहे, संगणकशास्त्र घेतलंय. घरच्या लॅपटॉपवर विंडोज, कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स. तिने पायथॉनमध्ये एक प्रोग्राम लिहिला, एका फाइलमधले आकडे वाचायचे आणि बेरजा करायच्या एवढंच. घरी तो फाइल उघडायलाच तयार नाही. फाइल जागेवर आहे, मी स्वतः डोळ्यांनी पाहिली. फोल्डरचा पत्ता वरच्या पट्टीतून जसाच्या तसा कॉपी करून चिकटवलाय. मैत्रीण म्हणाली, "रेघा उलट्या कर." केल्या, चाललं!

आता माझा प्रश्न असा. लिनक्सवर `/`, मॅकवर `/`, वेबसाइटच्या पत्त्यात `/`. मग एकट्या विंडोजला `\` कुठून सुचला? आणि विंडोजची रेघ `\` असेल, तर विंडोजवरच `/` टाकल्यावर प्रोग्राम चालला कसा? मुलगी म्हणते, "बाबा, चाललं ना, सोडा आता." मला सोडवत नाही. ताळेबंद जुळला तरी का जुळला हे कळलं पाहिजे.

तिरकस

खिडकीचा गज वाकलाय, दुसरं काय.

बिटबहाद्दर

सोपं आहे. विंडोजच्या आधीचं डॉस हे सीपी/एम नावाच्या जुन्या सिस्टिमची नक्कल होती. सीपी/एममध्ये `/` हे चिन्ह कमांडच्या पर्यायांसाठी वापरायचे, म्हणजे `DIR /W` वगैरे. ते डॉसमध्ये तसंच आलं. `/` ची जागा आधीच भरलेली, म्हणून पाथसाठी `\` घेतला. विषय संपला.

नाना_सांगलीकर

आमच्या पतसंस्थेत पण हाच त्रास आहे. प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडलाय. दोन उलट्या रेघा टाकून त्या कॉम्प्युटरचं नाव लिहितो, सकाळी छापतो, दुपारी जेवून आलं की छापत नाही. रेघा बदलून पाहू का?

पेंग्विनप्रेमी

यात इतिहास कसला शोधताय? मुद्दाम केलंय. सगळं जग एका बाजूला असताना आपण वेगळी खूण ठेवायची, म्हणजे लोकांच्या सवयी अडकतात आणि प्रोग्राम दुसरीकडे नेताना घाम फुटतो. धंदा आहे तो.

तिरकस

@नाना, जेवायलाच जाऊ नका.

जुनी_फ्लॉपी

बिटबहाद्दर यांचं निम्मं बरोबर आहे. पण उरलेलं निम्मंच जास्त मजेशीर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं डॉस 1981 चं, आयबीएम पीसीबरोबर आलेलं. त्यात फोल्डर हा प्रकारच नव्हता. तुम्ही म्हणाल, असं कसं? तर फ्लॉपी होती 160 केबीची आणि तिच्यावर फार तर 64 फाइलींची नावं मावायची. 64 फाइलींना कपाट कशाला, खुंटी पुरे. `A:` किंवा `B:` सांगितलं, पुढे फाइलचं नाव, झालं. पाथच नाही, तर पाथच्या रेघेचा प्रश्नही नाही. `/` हे चिन्ह मात्र त्याच काळात कामाला लागलं होतं. `FORMAT /S` म्हटलं की फ्लॉपीवर सिस्टिमच्या फाइली पण चढायच्या.

ही सवय सीपी/एमची असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण सीपी/एमच्या स्वतःच्या कमांडींमध्ये तशी एकसारखी पद्धत नव्हती. त्याची फाइल कॉपी करायची कमांड पर्याय चौकोनी कंसात घ्यायची. `/` ने पर्याय सांगायची रीत खरी डेक नावाच्या संगणक कंपनीच्या यंत्रांवरची. उमेदवारीच्या काळात मी त्यांच्या व्हॅक्सवर काम केलंय. तिथे `DIR/SIZE` असं चिकटवून लिहायचं, मध्ये जागा सोडायची गरजच नाही. आणि फोल्डरसाठी रेघच नव्हती. चौकोनी कंस आणि आत टिंबं, `[PAGAR.MARCH]` असं. म्हणजे "सगळं जग एका बाजूला" वगैरे तेव्हा काही नव्हतं. ज्याची त्याची खूण वेगळी.

नंतर मार्च 1983 मध्ये आयबीएमचा एक्सटी आला. त्यात 10 एमबीची हार्ड डिस्क. आता खुंटीवर भागेना, कपाट हवंच. म्हणून डॉस 2.0 मध्ये फोल्डरात फोल्डर आले, आणि ही कल्पना उघड उघड युनिक्सकडून, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजाकडून घेतलेली. युनिक्सची रेघ होती `/`. पण डॉसमध्ये दीड वर्ष लोक `/` पर्यायांसाठी टाइप करत होते, त्यांच्या बॅच फाइली तशा लिहिलेल्या होत्या. `DIR /W` चा अर्थ "रुंद यादी दाखव" की "मुळातल्या W फोल्डरात बघ"? एकाच खुर्चीवर दोघं बसणार कसे? आधी बसलेला उठला नाही, नव्याला `\` दिला.

आणि पेंग्विनप्रेमी, मायक्रोसॉफ्ट तेव्हा स्वतः झेनिक्स नावाचं युनिक्स विकत होती. `/` शी त्यांचं वैर असण्याचं कारण नव्हतं. उलट त्यांना `/` च हवा होता.

बिटबहाद्दर

सीपी/एमचं मान्य, दुरुस्ती करून घेतली. पण "त्यांना `/` च हवा होता" याला पुरावा? असं कोणीही म्हणेल.

जुनी_फ्लॉपी

पुरावा आहे, आणि तो त्यांच्याच घरातला.

एमएस-डॉसच्या जुन्या आवृत्त्यांचा सोर्स कोड मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये गिटहबवर खुला ठेवला. त्यात 2.0 बरोबर यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांसाठी लिहिलेली एक रीडमी आहे. तिचा मतितार्थ असा: सोबतच्या माहितीपुस्तिकेत काही मोठ्या चुका आहेत, कारण आयबीएमच्या डॉसशी जुळतं घेण्यासाठी आम्ही ऐनवेळी बदल केले. त्यात पाथसाठी `/` च्या जागी `\` आला, आणि पर्यायासाठी `-` च्या जागी `/` आला. कमांड फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता याव्यात म्हणून अमेरिकेतल्या बाजारात हीच चिन्हं वापरावीत.

म्हणजे पुस्तिका लिहून झाली तोवर बेत हुबेहूब युनिक्ससारखा होता. पाथला `/`, पर्यायाला `-`. आयबीएमच्या लोकांच्या जुन्या सवयीपुढे शेवटच्या घटकेला माघार घेतली. लग्नपत्रिका छापून झाल्यावर कार्यालय बदललं, आणि मग प्रत्येक पाहुण्याला चिठ्ठी पाठवली, असा तो प्रकार.

बरं, माघार पूर्ण नव्हती. 2.0 च्या `CONFIG.SYS` मध्ये एक ओळ घालता यायची:

```
SWITCHAR=-
```

एवढं केलं की पर्याय `-` ने आणि पाथ `/` ने. मी हौसेने केलं होतं. दोन दिवस मिरवलो. तिसऱ्या दिवशी सहकाऱ्याने दिलेली बॅच फाइल चालवली. तिच्यात `DIR /W` होतं, तर माझ्या यंत्राने "फाइल सापडत नाही" म्हणून तोंड फिरवलं. ते W नावाचं काहीतरी शोधत बसलं होतं! गुपचूप ओळ काढून टाकली. 3.0 मध्ये ती सोय `CONFIG.SYS` मधून गेलीच.

मुक्ता_अक्षरजुळणी

फ्लॉपीकाका, लग्नपत्रिकेची उपमा आवडली. आम्ही पत्रिकाच छापतो, त्यामुळे काळजाला भिडली :)

माझा वेगळा अनुभव. मी इनस्क्रिप्टने मराठी टाइप करते. त्यात `\` च्या कळीवर ॉ आहे, "ऑफिस", "डॉक्टर" मधला. आणि `/` च्या कळीवर य. कळफलक मराठीत राहिला आणि पत्ता टाइप केला की `C:\` चं होतं "णछॉ". माझ्याकडचा नवीन मुलगा एकदा विचारत होता, ताई, हा णछॉ व्हायरस आहे का?

आणि मॅकवर `/` असतो हे आजचं. मी कामाला लागले तेव्हाच्या जुन्या मॅकवर फोल्डरांच्या मध्ये `:` असायचं. `/` आला तो 2001 नंतर, मॅक ओएस टेनपासून, कारण ते आतून युनिक्स आहे. जुनी खोड अजून गेलेली नाही. फाइंडरमध्ये फाइलचं नाव "12/3 बिल" असं ठेवून बघा, खुशाल ठेवू देतो. तीच फाइल टर्मिनलमध्ये पाहिली की "12:3 बिल" दिसते. आत विसर्ग, बाहेर रेघ.

तिरकस

णछॉ =)) हहपुवा. आजपासून माझी सी ड्राइव्ह णछॉ.

तोक्योतली_मिसळ

इकडे जपानमध्ये उलटी रेघच नाही. म्हणजे आहे, पण दिसत नाही. ऑफिसच्या विंडोजवर पत्ता असा दिसतो: `C:¥Windows`. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, प्रत्येक फोल्डरला पैसे पडतात की काय!

झालं असं की जपानी लोकांनी अक्षरांचे क्रमांक ठरवताना `\` ज्या क्रमांकावर होता, तिथे येनची खूण बसवली. क्रमांक तोच, 5C. डॉस आणि विंडोज क्रमांक पाहतात, चित्र नाही. त्यामुळे सगळं व्यवस्थित चालतं, डोळ्यांना मात्र येन दिसतो. कोरियात त्याच जागी त्यांचा वॉन आहे.

खरा त्रास वेगळाच. जुन्या जपानी लिपीपद्धतीत एक अक्षर दोन बाइटांचं असतं, आणि काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका 5C निघतो. 表 हे अक्षर त्यातलंच, आणि त्याचा एक अर्थ "तक्ता". म्हणजे हिशेबाच्या फाइलींच्या नावात हमखास येणार. एखादा अडाणी प्रोग्राम बाइट मोजत गेला की त्याला अक्षराच्या पोटातच फोल्डरची रेघ सापडते, आणि नाव मध्येच तुटतं. नावात ते अक्षर असलेल्याच फाइली उघडेनाशा झाल्या आणि बाकीच्या उघडत असल्या, तर इथले जुने लोक न पाहता सांगतात काय झालंय ते.

बिटबहाद्दर

भारी माहिती. पण धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न राहिला. विंडोजवर `/` चालला कसा? माझ्या मते तो पायथॉनने आतल्या आत बदलला असणार. विंडोजला स्वतःला `/` कळत नाही. हे बघा, आत्ताच करून पाहिलं:

```
C:\>dir C:/Users
Invalid switch - "Users".
```

जुनी_फ्लॉपी

आता हेच अवतरणचिन्हांत घालून पाहा:

```
dir "C:/Users"
```

बिटबहाद्दर

अरेच्चा. दाखवली यादी.

जुनी_फ्लॉपी

नकार विंडोजने दिलाच नव्हता. तो दिला दारावरच्या माणसाने, म्हणजे कमांड वाचणाऱ्या `cmd` ने. तुमची ओळ आधी त्याच्या हातात पडते. तो `/` दिसला की तोडतो, "पर्याय आला" म्हणतो. `C:` आणि `/Users` असे दोन तुकडे झाले, त्यातला Users हा पर्याय त्याला माहीत नाही, म्हणून ती चूक. अवतरणात घातलं की तो तोडत नाही, अख्खा पत्ता आत सोडतो. आत बसलेल्याला दोन्ही रेघा सारख्याच. डॉस 2.0 पासून सारख्याच आहेत. पायथॉनने काही बदललं नाही, त्याने `/` तसाच आत दिला.

अपवाद एक सांगतो. पत्त्याची सुरुवात `\\?\` ने केली तर विंडोज तो पत्ता अजिबात न तपासता घेते, आणि तिथे `/` चालत नाही. फार लांब पत्त्यांसाठी प्रोग्रामर मंडळी ते वापरतात. रोजच्या कामात भेटणार नाही.

मोजणीदार

मी जमिनीच्या कागदपत्रांची कामं करतो. हा धागा वाचून आज वीस वर्षांचा राग शांत झाला. आमच्याकडे प्रत्येक कागद म्हणजे 7/12. स्कॅन करून नाव द्यायला गेलं की विंडोज म्हणतं, नावात ही चिन्हं चालणार नाहीत, आणि `\` बरोबर `/` ची पण यादीत गणना. मला कायम वाटायचं, अरे तुझी रेघ उलटी आहे ना, मग या सरळ रेघेने तुझं काय घोडं मारलंय?

आता कळलं. त्याला दोन्ही रेघा फोल्डरच्याच वाटतात. "7/12" लिहिलं तर तो "7" नावाच्या फोल्डरात "12" शोधेल. म्हणून दोन्हींवर बंदी. विंडोजला `/` कळतच नसता तर नावात का चालला नसता?

जुनी_फ्लॉपी

मोजणीदार, मी दोन प्रतिसादांत जे सांगितलं ते तुम्ही एका सातबाऱ्यात सिद्ध केलंत. मानलं.

मुक्ता_अक्षरजुळणी

आणि मॅकवाल्या गिऱ्हाइकाने "7/12" नावाची फाइल विंडोजवाल्याला पाठवली तर? आतमध्ये ती "7:12" आहे, आणि विंडोजला `:` पण चालत नाही. आमच्याकडे येतात अशा फाइली, उघडताना नावाची वाट लागलेली असते.

पेंग्विनप्रेमी

बरं, मुद्दाम केलं नाही असं धरून चालू. पण शंभर चिन्हं सोडून `\` च का? `>` घ्यायचं, मल्टिक्सवर तेच होतं. किंवा जुन्या मॅकसारखं `:`.

जुनी_फ्लॉपी

`:` ड्राइव्हच्या अक्षरापुढे लागत होताच. `>` हे चिन्ह त्याच 2.0 मध्ये कमांडचं उत्तर फाइलमध्ये वळवायला घेतलं, तेही युनिक्सवरून. उरलेल्यांत `\` दिसायला `/` चा जुळा भाऊ, आणि आयबीएम पीसीच्या कळफलकावर डाव्या शिफ्टच्या शेजारी, शिफ्ट न दाबता उठणारा. माझं मत, तेवढंच कारण पुरलं.

बिटबहाद्दर

हे मात्र मत झालं, पुरावा नाही.

जुनी_फ्लॉपी

मान्य. मत म्हणूनच लिहिलंय.

तोक्योतली_मिसळ

रीडमीत "अमेरिकेतल्या बाजारात" हे शब्द आहेत म्हणालात, ते लक्षात घ्या. जर्मन कळफलकावर `\` साठी आजही ऑल्टजीआर धरून दुसरी कळ दाबावी लागते. तिथल्या माणसाने दिवसभर पत्ते टाइप करायचे म्हणजे बोटांची कवायत.

पेंग्विनप्रेमी

सोयीचं होतं म्हणून घेतलं हे मला अजून पटत नाही. `\` ची जागा पण मोकळी नव्हती. सी भाषा त्याच्या दहा वर्षं आधीची, आणि तिच्यात `\n` म्हणजे नवी ओळ, `\t` म्हणजे टॅब. युनिक्समध्ये `\` चा अर्थ "पुढच्या अक्षराला विशेष समज". झेनिक्स विकणाऱ्यांना हे माहीत नव्हतं? एका खुर्चीवरचं भांडण टाळलं आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.

जुनी_फ्लॉपी

हा मुद्दा पक्का आहे, याला माझ्याकडे उत्तर नाही. अवांतर: या चिन्हाचं नशीबच असं. ते अक्षरसंचात आलं 1961 च्या सुमारास बॉब बेमर यांच्यामुळे, अल्गॉल भाषेतल्या "आणि" व "किंवा" च्या खुणा `/\` आणि `\/` अशा जोडून लिहिता याव्यात म्हणून. ते काम कोणी फारसं केलं नाही. बाकी सगळ्यांनी मात्र राबवून घेतलं.

कोड_कोकणी

इतिहास छान रंगलाय, पण मुलीचा प्रोग्राम मुळात बिघडला का, हे कोणी पाहिलंच नाही. पेंग्विनप्रेमी अगदी जवळ येऊन गेले. रविवारचा_पेपर, ती ओळ आणि चुकीचा संदेश जसाच्या तसा इथे द्या बरं. "उघडत नाही" एवढ्यावर निदान होत नाही.

रविवारचा_पेपर

मुलीकडून घेऊन देतोय:

```
f = open("D:\practical\new\table.csv")

OSError: [Errno 22] Invalid argument:
'D:\\practical\new\table.csv'
```

कोड_कोकणी

वा, उत्तर संदेशातच छापलंय. नीट बघा. तिने तीन ठिकाणी एकेकच उलटी रेघ टाइप केली. संदेशात मात्र पहिल्या ठिकाणी दोन दिसतात आणि पुढच्या दोन ठिकाणी एकच. असा भेदभाव का?

पायथॉनला `\p` चा काही विशेष अर्थ माहीत नाही, म्हणून त्याने ती रेघ खरी रेघ मानली. आणि खरी रेघ छापताना तो ती दोनदा छापतो. पण `\new` मधला `\n` त्याने नवी ओळ समजला, आणि `\table` मधला `\t` टॅब. छापताना नवी ओळ `\n` अशीच छापली जाते, टॅब `\t` असाच. त्यामुळे डोळ्यांना वाटतं, आपण लिहिलं तेच आलंय. प्रत्यक्षात तो अशी फाइल शोधत होता जिच्या नावात मध्येच एंटर आणि टॅब आहे. विंडोजमध्ये असं नाव असूच शकत नाही, म्हणून "सापडत नाही" ऐवजी "अवैध" असं म्हणाला.

तेव्हा खूण लक्षात ठेवायची. चुकीच्या संदेशात जिथे दोन रेघा, तिथे रेघ शाबूत. जिथे एकच, तिथे ती पुढच्या अक्षरासकट खाल्ली गेली.

म्हणजे रेघ विंडोजला चुकीची नव्हती, विंडोजपर्यंत ती पोचलीच नाही. मैत्रिणीने `/` करायला सांगितलं ते बरोबर, कारण `/` ला पायथॉन हात लावत नाही आणि विंडोजला तो चालतो. दुसरा उपाय म्हणजे अवतरणाच्या आधी `r` लावणं, `r"D:\practical\new\table.csv"`. मग रेघांना विशेष अर्थ राहत नाही. फक्त शेवटचं अक्षर `\` असेल तर `r` लावूनही गडबड होते, त्याला शेवटचं अवतरण मिटलंच नाही असं वाटतं.

रविवारचा_पेपर

हे जबरदस्त आहे. मुलीला वाचून दाखवलं, तर तीच म्हणाली, "म्हणून काल `practical` फोल्डरवर अडलं नव्हतं आणि `new` केल्यावर अडलं!"

तिने आणखी एक सांगितलं. बेरजा लिहायची ओळ तिने आधीच `"result\\out.csv"` अशी केली होती, दोन रेघा टाकून. घरी `result` फोल्डरात फाइल तयार झाली. लॅबमध्ये चालवलं, चूक काहीच आली नाही, पण फोल्डर रिकामा. मॅडम म्हणाल्या, प्रोग्राम चाललाच नाही. ही म्हणते, चालला. दोघींचा वाद तसाच राहिला.

कोड_कोकणी

दोघींचंही खरं. लिनक्सवर रेघ फक्त `/`. `\` हे तिथे नावातलं साधं अक्षर, जसं क किंवा ख. त्यामुळे `result\out.csv` याच नावाची एक अख्खी फाइल तयार झाली, फोल्डराच्या आत नाही, बाहेर. तक्रार करायला लिनक्सला कारणच नव्हतं. तिला सांगा, प्रोग्राम ज्या फोल्डरातून चालवला तिथे `ls` करून बघ. नाव एकेरी अवतरणात दिसण्याची शक्यता जास्त:

```
$ ls
 result  'result\out.csv'   sum.py
```

ही चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ती बोलत नाही. तिथे `result/out.csv` लिहिलं की दोन्हीकडे चालेल. D: ने सुरू होणारा पत्ता मात्र लॅबमध्ये कुठल्याच रेघेने चालायचा नाही, तिथे डी ड्राइव्हच नाही. `new` फोल्डर प्रोग्रामच्या शेजारी ठेवा आणि नुसतं `new/table.csv` म्हणा.

पेंग्विनप्रेमी

`\` नावात चालतो हे लिनक्सचं स्वातंत्र्य आहे, दोष नव्हे.

मोजणीदार

साहेब, तुमच्या स्वातंत्र्यातपण 7/12 बसत नाही.

पेंग्विनप्रेमी

...नाही बसत.

रविवारचा_पेपर

आज लॅबमधून फोन आला. फाइल तिथेच होती, अवतरणात, आठवडाभर. मॅडमना दाखवली. मॅडमनी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हणाली, बाबांनी. मी काही दुरुस्त केलं नाही त्यात.

नाना_सांगलीकर

सगळं वाचलं, माहितीपूर्ण धागा. प्रिंटरचं मात्र कोणी बोललं नाही.

कोड_कोकणी

नाना, सकाळी छापतो म्हणजे तुमच्या रेघा बरोबरच आहेत. दुपारी त्या दुसऱ्या खोलीतला कॉम्प्युटर झोपत असणार, त्याची झोपेची सेटिंग बंद करून बघा.

नाना_सांगलीकर

तो कॉम्प्युटर ज्यांच्या टेबलावर आहे ते दुपारी झोपतात. कॉम्प्युटरचं बघून सांगतो.